तारखांची वही

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस या नात्याने पालिकेला मी आजवर पुष्कळ अर्ज लिहिले. पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे, असे त्यांचे नेहमीचे विषय. पण भटक्या कुत्र्यांविषयीचा अर्ज मला दोनदा लिहावा लागला. पहिला लिहिला तेव्हा मनात संताप होता. दुसरा लिहिताना हाती एक वही होती. या दोहोंमधील अंतर माझ्या धर्मग्रामातील वाचकबांधवांना सांगावेसे वाटते, कारण असा अर्ज लिहिण्याची वेळ आज कोणत्याही वसाहतीवर येऊ शकते.

६ ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी रात्री आमच्या इमारतीतील एक गृहस्थ दुसरी पाळी संपवून स्कूटरवरून घरी येत असता चार-पाच कुत्री त्यांच्यामागे लागली. तोल जाऊन ते पडले आणि त्यांचे मनगट मोडले. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज खरडला. कुत्र्यांचा सुळसुळाट झाला आहे, रहिवाशांना जीव मुठीत धरून वावरावे लागते, तरी सदर कुत्री त्वरित उचलून न्यावीत, असा त्याचा मजकूर होता. खाली बासष्ट सह्या होत्या. आवक क्रमांक पडला, स्थळप्रतीवर शिक्का मिळाला, आणि अर्ज तेथेच विसावला. सर्व कर्मचारी विधानसभेच्या निवडणुकीच्या कामात गुंतले आहेत, असे सांगण्यात आले.

१४ तारखेच्या सोमवारी सकाळच्या मिस्साला निघालेल्या एका वृद्ध बाईंना कुत्र्यांनी फाटकाशीच अडवले. त्या दिवसापासून त्यांनी एकटीने देवळात जाणे सोडले. आणि २७ तारखेच्या रविवारी संध्याकाळी खाली खेळणाऱ्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा एका तांबड्या कुत्र्याने लचका तोडला.

त्याची आजी जखमेत हळद भरायला निघाली होती. शेजारच्या परिचारिका बाईंनी तिचा हात धरला. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे त्यांनी ती जखम धुतली, वर काही बांधले नाही, आणि मुलाला तडक सरकारी रुग्णालयात नेले. जखम खोल असल्याने तेथे लसीबरोबरच जखमेभोवती सिरमही टोचले. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस घ्यायची होती. जखम भरली म्हणून शेवटची लस चुकवू नका, असे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावले. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपचार जवळजवळ निष्फळ ठरतात.

त्या रात्री काही तरुण मटणात विष घालण्याच्या गोष्टी बोलू लागले. मला त्यांचा राग समजत होता, खोटे कशाला सांगू? परंतु परिचारिका बाई म्हणाल्या, ‘‘तो कुत्रा मेला तर तो पिसाळलेला होता की नाही, हे आपल्याला कळणार कसं? लस तर चालूच राहील. पण दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर त्याने चावताना रेबीज दिला नाही एवढी खात्री होईल.’’ मग त्याच तरुणांनी पाळीपाळीने त्या तांबड्यावर नजर ठेवली. अकराव्या दिवशीही तो कचराकुंडीपाशी शेपटी हलवीत उभा होता. मुलाच्या आईने त्या रात्री प्रथमच नीट झोप घेतली.

२८ ऑक्टोबरला मी पालिकेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसलो. माझा अर्ज वाचून ते शांतपणे म्हणाले, ‘‘सर, कुत्री कायमची उचलून न्या असं तुम्ही लिहिलंय. ते मला करता येत नाही.’’ २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पालिकेने कुत्री पकडायची, त्यांचे निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलली तिथेच परत सोडायची. एक टोळी नाहीशी झाली की तिच्या अन्नावर बाहेरची नवी, लस न टोचलेली कुत्री येतात, हेही त्यांनी सांगितले. ‘‘निर्बीजीकरण आणि लस मागा. कुत्री किती, कुठे बसतात, किती जणांचे कान कापलेले आहेत, आणि कोणत्या तारखेला काय घडलं, ते लिहून द्या.’’ शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच पाडतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

त्या रात्री मी वही घातली. मागील घटना घरोघरी विचारून लिहिल्या, नव्या घडतील तशा टिपल्या. तारीख, वार, वेळ, जागा, काय झाले, कोणी पाहिले, असे रकाने आखले. रुग्णालयाच्या केसपेपरची प्रत जोडली. ४ नोव्हेंबरला सोमवारी पहाटे दूधवाल्याचा पाठलाग झाला. १३ नोव्हेंबरला, बुधवारी, पाण्याच्या टाकीमागे गेलेल्या माळ्यावर एक कुत्री धावून आली. तिथे तिची पिल्ले होती. एकूण अकरा कुत्री भरली, कान कापलेले एकही नाही.

वही पुन्हा वाचताना मात्र मी चपापलो. माळ्याचा बुधवार सोडला तर प्रत्येक घटना रविवारी किंवा सोमवारी पहाटे घडली होती, आणि सर्व फाटक व कुंडी यांमधल्या पट्ट्यात. रविवारी आमच्या घराघरांत कोंबडी-मटण शिजते. हाडे पिशवीत घालून दुपारीच कुंडीकडे जातात, झाकण मोडके असल्याने बाहेर पडतात, आणि गाडी सोमवारी सकाळी उशिरा येते. त्या मेजवानीवर कुत्री रात्रभर एकमेकांशी झगडत असतात, आणि जो जवळून जाईल त्याच्यावर धावतात. तक्रार पालिकेविरुद्ध होती खरी. पण तिच्यातील निम्मी कलमे आमच्या स्वयंपाकघरांतून निघत होती.

२ डिसेंबरला दुसरा अर्ज दिला. त्यात घटनांचा तक्ता, कुत्र्यांच्या जागा दाखवणारा नकाशा, निर्बीजीकरण व लसीकरणाची मागणी, आणि झाकणाची कुंडी व सोमवारी लवकर गाडी, एवढेच होते. हाडे सोमवारी सकाळीच खाली आणण्याचा ठराव आम्ही केला आणि त्याची प्रतही जोडली. जे कुत्र्यांना खाऊ घालतात त्यांच्यासाठी खेळाची जागा व फाटक यांपासून दूर एक कोपरा ठरवला; नियमांतही तशी तरतूद आहे.

१७ डिसेंबरला पथक आले. नऊ कुत्री सापडली, दोन निसटली. नाताळच्या दोन दिवस आधी ती नऊही परत सोडली गेली, तेव्हा वसाहतीत एकच गिल्ला झाला. ‘‘पकडून परत आणली? मग केलं काय?’’ मी प्रत्येकाला कापलेला कान दाखवीत फिरलो. सर्वांचे समाधान झाले असे म्हणवत नाही. निर्बीजीकरणाने कुत्रा एका दिवसात गरीब होत नाही. नवी पिल्ले थांबतात, माद्यांवरून होणारी भांडणे घटतात, एवढेच. पुढे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही परत सोडण्याचेच तत्त्व मान्य केले. रेबीज झालेली, तशी शंका असलेली व आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली.

२०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत वहीत दोनच नोंदी झाल्या. दोन्ही सोमवारच्या, दोन्ही वेळा कोणीतरी रविवारीच पिशवी खाली ठेवली होती. त्या बाई आता पुन्हा मिस्साला जातात, हाती काठी घेऊन. डिसेंबरात लसीला वर्ष झाले, तेव्हा पुन्हा लस टोचण्यासाठी मी तिसरा अर्ज लिहिला. त्यासोबत वहीची प्रत जोडली, आणि निसटलेली ती दोन कुत्री कुठे बसतात तेही लिहिले.