छायाचित्राखालच्या दोन ओळी

आमच्या घरी देवदर्शनाच्या प्रवासांची एक जाड पानांची वही आहे. प्रत्येक पानावर एक छायाचित्र डकविलेले आणि त्याखाली निळ्या शाईने लिहिलेल्या दोन ओळी, कधी तीन. त्या ओळी आजोबांच्या हातच्या आहेत. आजोबा इंदूरच्या एका कापड गिरणीत हिशेबनीस होते, आणि जमाखर्चाच्या वहीत अनावश्यक शब्द जसा चालत नाही, तसाच तो त्यांना या वहीतही चालत नसे. २०२४ च्या आषाढात आजोबा गेले. त्यानंतर कार्तिकात आम्ही सर्वजण महेश्वरला जाऊन आलो आणि तेथील छायाचित्रे वहीत लावण्याची वेळ आली, तेव्हा आजीने ती वही माझ्यापुढे ठेवली. "तुझं अक्षर बरं आहे, तू लिही," एवढेच ती म्हणाली.

दोन ओळी लिहावयाच्या, त्यात अवघड ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु देवदर्शनाच्या छायाचित्राखाली काय लिहावे हे ठरविताना घरातील प्रत्येकाचे मत निराळे पडले. काकांनी सुचविले, "पुण्यसलिला नर्मदेच्या पावन तटावर अलौकिक शांतीचा अनुभव घेणारे आमचे कुटुंब." दादाचे म्हणणे, वाचणाऱ्याला काही बोध व्हावा, म्हणून त्याने लिहिले, "मनःशांती हवी असेल तर प्रत्येकाने एकदा तरी महेश्वरला जावे." दोन्ही वाक्ये ऐकावयास बरी होती. तथापि काकांचे वाक्य नर्मदेऐवजी गोदावरी घालून नाशिकच्या चित्राखालीही तसेच बसले असते. दादाच्या वाक्यात तर चित्र राहिलेच नव्हते. राहिला होता केवळ उपदेश, आणि तो कोणी मागितलेला नव्हता.

मग मी जुनी पाने उलटून पाहू लागलो. ओंकारेश्वरच्या एका चित्राखाली आजोबांनी लिहिले होते, "ओंकारेश्वर. श्रावणातला पाऊस. दर्शन झाले. परत येताना नावेत सर्वजण गप्प." या ओळीत 'शांती' हा शब्द नाही आणि 'भक्ती' हाही नाही, परंतु ती नाव, तो पाऊस आणि ते गप्प बसलेले लोक डोळ्यांपुढे उभे राहतात. शांत वाटले असे त्यांनी सांगितले नाही, शांतता कोठे होती तेवढे दाखविले.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. 'आम्ही दर्शन घेतले' असे आजोबांनी वहीभर कोठेही लिहिलेले नाही. सर्वत्र 'दर्शन झाले', 'अभिषेक झाला', 'परिक्रमा घडली' असेच आहे. आपल्या भाषेची ही रीत किती सुंदर आहे! 'घेतले' म्हटले की घेणारा पुढे येतो. 'झाले' म्हटले की तो आपोआप मागे सरतो. जे लाभले ते आपल्या पराक्रमाने नव्हे, हा भाव त्या एका क्रियापदातच आहे. तो वेगळा सांगावा लागत नाही.

आता महेश्वरच्या चित्रांकडे वळतो. पहिले चित्र राजवाड्यातील आहे. लाकडी पाटावर काळ्या मातीचे बोटाच्या पेराहूनही लहान असे असंख्य कण ओळीने मांडलेले दिसतात. ज्याने ते पाहिलेले नाही त्याला या चित्रावरून काहीच उमगणार नाही. हे पार्थिव लिंगार्चन होय. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात राज्य केले आणि महेश्वर ही राजधानी केली. त्यांच्या काळापासून चालत आलेल्या या पूजेत आजही रोज सकाळी ब्राह्मण मातीची हजारो लहान शिवलिंगे वळतात, त्यांची पूजा होते आणि मग ती नर्मदेत विसर्जित केली जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी माती आणि नवी लिंगे. येथे ओळीचे काम स्पष्ट होते: चित्रात जे दिसते पण कळत नाही, ते सांगणे, आणि जे पुढे घडले पण चित्रात येऊ शकत नाही, तेही सांगणे. म्हणून मी लिहिले, "लिंगार्चन, राजवाडा, महेश्वर. सकाळी वळलेली ही शिवलिंगे पूजेनंतर नर्मदेत गेली." या नित्यक्रमाचा अर्थ काय, ते मी लिहिले नाही. तो ज्याचा त्याला लागतो.

तारखेच्या वेळी एक मौजेची अडचण आली. आम्ही गेलो तो दिवस रविवार, २४ नोव्हेंबर २०२४. आमच्या पंचांगाप्रमाणे ती कार्तिक वद्य नवमी. परंतु शेजारच्या माळवी कुटुंबाच्या दिनदर्शिकेत त्याच दिवशी अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, कृष्ण नवमी छापलेली होती. चूक कोणाचीच नव्हे. आपला महिना अमावास्येला संपतो आणि इकडचा पौर्णिमेला; त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, आणि वद्य पक्षात इकडचा एका नावाने पुढे जातो. इंदुरात राहणाऱ्या मराठी घराने नुसती तिथी लिहिली, तर पन्नास वर्षांनी वाचणारा महिनाभर चुकेल. आजोबा तिथीबरोबर इंग्रजी तारीख नेहमी का घालीत, ते मला तेव्हा उमगले.

दुसरे चित्र घाटावरचे. मागे नर्मदेच्या पात्रात बाणेश्वराचे लहानसे देऊळ दिसते. पायरीवर आजी बसली आहे. तिच्यामागे डावीकडून बाबा, आई, काका, काकू आणि दादा उभे आहेत. चित्र मी काढले, म्हणून मी त्यात नाही. आजीच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी आहे. चित्र काढताना मी म्हणालो होतो, "आजी, जरा मध्ये सरक ना." ती म्हणाली, "असू दे रे." बाबांनी मला खुणेनेच थांबविले. त्या पायरीवर आजी आणि आजोबा दर वेळी शेजारी शेजारी बसत, हे वहीतील जुन्या तीन चित्रांत दिसते.

या जागेविषयी लिहावे की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. न लिहावे तर पुढे कोणी म्हणेल की छायाचित्र नीट साधले नाही. पुष्कळ लिहावे तर ती जागा शब्दांनीच भरून जाईल. काकूंनी "आजोबांच्या पुण्यस्मृतीस अश्रुपूर्ण वंदन" असे सुचविले. परंतु त्या सकाळी आजीच्या डोळ्यांत अश्रू नव्हते. तिने नर्मदेत ओंजळभर पाणी सोडले, हात जोडले आणि ती पाण्याकडे पाहत बसली. जे घडले नाही, ते भक्तीच्या नावानेही लिहू नये, असे मला वाटले. अखेर मी असे लिहिले:

"महेश्वर, अहिल्या घाट. कार्तिक वद्य नवमी, २४ नोव्हेंबर २०२४. दर्शन झाले. पायरीवर आजी, शेजारची जागा आजोबांची."

आजीने चष्मा लावून ओळी वाचल्या. मग शाई वाळली आहे ना, हे तिने बोटाने हलकेच पाहिले आणि पान उलटले.