आठ माणसांचं हँडबुक

तुमच्या कंपनीचं एम्प्लॉयी हँडबुक तुम्ही शेवटचं कधी उघडलं होतं? जॉइन झालात त्या दिवशी 'आय हॅव रेड अँड अंडरस्टूड'वर टिक केलीत, तेव्हा ना? मी एचआरमध्ये आहे, पुण्यात. त्यामुळे माझं उत्तर वेगळं आहे, पण मी ते वाचते याचा पगार मिळतो म्हणून. गेल्या वर्षी मात्र एक हँडबुक मला लिहायला लागलं, आणि तेही फुकट. कोरेगावात माझ्या मामेभावाचं छोटंसं रेस्टॉरंट आहे. पंढरपूर रोडला, बारा टेबलं, वाघ्या घेवड्याची आमटी ही स्पेशालिटी. कामाला आठ माणसं: आचारी, त्याचे दोन मदतनीस, तीन वेटर, गल्ल्यावर एक मुलगा आणि भांड्यांना मावशी.

सहा महिन्यांत दोन वेटर सोडून गेले तेव्हा दादाचा फोन आला. "तायडे, तुमच्या त्या कंपनीत असतं ना नियमांचं पुस्तक, तसलं एक दे करून." मी म्हटलं, आमचं शंभर पानी आहे आणि त्यातली चाळीस पानं लॅपटॉपवर आहेत. त्याला चार पानं हवी होती. चार पानं लिहायला मला तीन वीकेंड लागले.

पहिला प्रश्न, कायदा काय म्हणतो. आपल्याला वाटतं की दुकानं आणि हॉटेलं म्हणजे 'शॉप अ‍ॅक्ट', विषय संपला. पण महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी केलेला. दहाच्या आत असाल तर मालकाने धंदा सुरू केल्याची सूचना द्यायची, बाकीची कलमं लागत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा दहावरून वीसवर न्यायलाही मंजुरी दिली. म्हणजे त्या कायद्यातल्या कामाच्या तासांच्या आणि रजांच्या तरतुदी दादाच्या आठ माणसांपर्यंत पोचतच नाहीत.

दादा हे ऐकून खूश. मी म्हटलं, थांब. किमान वेतन, ओव्हरटाइमचा दर, पगारातून काय कापायचं आणि काय नाही, हे सगळं एक माणूस कामाला असला तरी लागू आहे. आणि दुसरं म्हणजे, जिथे कायदा गप्प आहे तिथेच भांडणं होतात. दोघं वेटर पगारावरून गेलेच नव्हते. एक गेला तासांवरून, दुसरा खाड्यावरून.

तासांचं गणित आपल्यासारख्या नऊ-ते-सहावाल्यांना चटकन कळत नाही. वेटर सकाळी दहाला येतो. साडेतीनला दुपारची गर्दी संपते. मग साडेसहापर्यंत 'मोकळा', आणि पुन्हा रात्री अकरापर्यंत काम. दादाच्या हिशेबात हे साडेपाच अधिक साडेचार, म्हणजे दहा तास, त्यातून जेवणाचा अर्धा तास वजा. "साडेनऊच तास की गं!" पण वेटरच्या हिशेबात तो सकाळी दहाला अडकतो आणि रात्री अकराला सुटतो. तेरा तास. मधले तीन तास घरी जायला कमी आणि बाकड्यावर झोपायला जास्त. त्याचं गाव बारा किलोमीटर लांब, तो जाणार कुठे?

कायद्यात याला वेगळी मर्यादा आहे. कामाचे तास एक आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा पसारा दुसरा. २०१७ च्या कायद्यात दिवसाला नऊ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि पसारा साडेदहा तास. थांबून थांबून चालणाऱ्या किंवा तातडीच्या कामाला बारा. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या बदलात दिवसाचे नऊचे दहा झाले. आम्ही ठरवलं की आपल्यावर सक्ती नसली तरी नऊ आणि अठ्ठेचाळीस हे जुनेच आकडे धरायचे, पसारा मात्र बारा तासांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

मग कागदावर खेळ सुरू केला. एक वेटर दहाला येऊन उघडतो आणि रात्री दहाला सुटतो. बाकीचे दोघं अकराला येतात आणि अकराला बंद करतात. दुपारची सुट्टी सगळ्यांना तीच. प्रत्येकाचा पसारा बरोब्बर बारा तास, काम साडेआठ. उघडायची पाळी दर आठवड्याला बदलते. मला वाटलं, जमलं. पण साडेआठ गुणिले सहा म्हणजे एक्कावन्न! दिवसाचा हिशेब पाळला तरी आठवड्याचा मोडतो. ही गफलत भल्याभल्यांची होते, कारण रोजचे तास दिसतात आणि आठवड्याचे कुणी मोजत नाही. वरच्या तीन तासांचा दुप्पट ओव्हरटाइम द्यायचा किंवा वेळ कमी करायचा. दादाने वेळ कमी केला. आठवड्याची पूर्ण सुट्टी सोडून प्रत्येकाला आणखी एक संध्याकाळ मोकळी, मंदीच्या दिवशी. त्या दिवशी साडेतीनला घरी. आता आठवड्याचे सत्तेचाळीस साडेसत्तेचाळीस तास होतात. दोन वेटरवर सोमवारची संध्याकाळ निघते का, हा प्रश्न होता. गल्ल्यावरचा मुलगा ट्रे उचलायला तयार असेल तर निघते, आणि तो तयार होता, कारण टिपमध्ये त्यालाही वाटा मिळणार होता.

टिपचं कलम चार ओळींत संपलं. सगळी टिप एका डब्यात, रात्री मोजणी, आठ वाटे. आचाऱ्याने थोडी कुरकुर केली, मावशींनी नाही.

रजांच्या बाबतीत मी २०१७ च्या कायद्याचीच चौकट घेतली, कारण ती खरोखर व्यवहारी आहे. वर्षाला आठ किरकोळ रजा. त्याशिवाय दर वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा, त्यासाठी वर्षात किमान दोनशे चाळीस दिवस काम झालेलं हवं. तीनशे दिवस भरले तर पंधरा दिवस. ही रजा पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठते. आचारी नेपाळचा आहे. त्याला महिन्यातून एखादी सुट्टी नको होती, त्याला गावी जाण्यासाठी एकत्र महिनाभर हवा होता, आणि आत्तापर्यंत तो दरवेळी नोकरी सोडूनच जायचा! आता दोन वर्षांची साठवून तो हक्काने जाईल, आणि परत येईल असं दादाला वाटतं.

सणांच्या आठ सुट्ट्यांपैकी चार कायद्याने ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. इथे मी दिवाळी-दसरा लिहून मोकळी होणार होते, पण वेटर म्हणाले, "मॅडम, यात्रा?" बरोबर आहे. आपल्याकडे दिवाळीला नाही गेलं तर आई रुसते, यात्रेला नाही गेलं तर अख्खी भावकी. आणि प्रत्येकाच्या गावची यात्रा वेगळ्या दिवशी. म्हणून तीन सुट्ट्या सगळ्यांच्या आणि चौथी 'आपापल्या गावची यात्रा'. हॉटेल त्यासाठी बंदही ठेवायला लागत नाही. ठरलेल्या सुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी, दोन्ही.

आता खाडा. दादाचा नियम असा की न सांगता एक दिवस दांडी मारली की दोन दिवसांचा पगार कापायचा. सगळ्या हॉटेलांत हेच चालतं, तो म्हणाला. चालत असेल. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे, आणि त्याआधी १९३६ चा वेतन कायदाही तेच सांगायचा: गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच. समजा पगार पंधरा हजार. एक दिवस म्हणजे पाचशे. तेवढेच कापता येतात. वरचे पाचशे हा दंड होतो, आणि दंडाला वेगळे नियम आहेत. कोणत्या चुकांना दंड होणार याची यादी आधी सरकारी मंजुरीने ठरलेली आणि भिंतीवर लावलेली हवी. माणसाला बाजू मांडायला मिळायला हवी. महिन्याचा दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणजे इथे चारशे पन्नास. आणि तो पैसा मालकाच्या खिशात नाही, रजिस्टरमध्ये लिहून कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा. हे सगळं ऐकून दादाने दंड हा शब्दच खोडून टाकला. "एवढ्यात नवीन माणूस मिळेल!"

फुटलेल्या काचेच्या ग्लासचं तसंच. नुकसान भरून घेता येतं, पण त्याच्याच निष्काळजीपणामुळे फुटला असेल तर, त्याचं ऐकून घेतल्यावर, आणि ग्लासच्या किमतीपर्यंतच. शिस्तीच्या पानावर मग उरलं काय? नखं कापलेली, स्वयंपाकघरात अंगठ्या-घड्याळ नाही, ताप-जुलाब किंवा हाताला जखम असेल तर अन्नाला हात लावायचा नाही, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी. हे अन्नसुरक्षेचे नियम आहेत, दादाची मर्जी नव्हे. मी एक ओळ वाढवली: आजारी असल्याचं सांगणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, ती किरकोळ रजेत धरली जाईल. नाहीतर तापातला माणूस पाचशे रुपयांसाठी पोळ्या लाटत बसतो.

शेवटचं पान तक्रारीचं, आणि तेच सगळ्यात अवघड. आपल्या ऑफिसात एचआर असतं, आयडी असतो, पँट्रीत समितीचं पोस्टर असतं. आठ जणांच्या हॉटेलात तक्रार कुणाकडे करायची? मालकाकडे. आणि तक्रार मालकाचीच असेल तर? गल्ल्यात एक वही ठेवली. तक्रार लिहा किंवा सांगा, सांगितली तर गल्ल्यावरचा मुलगा लिहून तारीख टाकेल. दोन दिवसांत दादा बसून ऐकेल, सात दिवसांत त्याच वहीत उत्तर लिहील. उत्तर पटलं नाही किंवा तक्रार दादाची असेल, तर मामांकडे, म्हणजे त्याच्या वडिलांकडे. हा उपाय लंगडा आहे हे मला ठाऊक आहे, बाप मुलाच्या विरोधात कितपत जाईल? म्हणून खाली लिहिलं की पगाराची तक्रार कुणीही, कधीही, थेट साताऱ्याच्या कामगार कार्यालयात नेऊ शकतो, आणि त्यासाठी कुणाला कामावरून काढलं जाणार नाही.

एका गोष्टीत मात्र मामा नाहीत आणि वहीही नाही. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. दहाच्या आत असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याला त्यासाठी समन्वय अधिकारी नेमायचा असतो, त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. मी हे वाचून दाखवत होते तेव्हा मावशी कढई घासायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मला कुठं लिहाय येतंय?"

कायद्यात तेही आहे. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. मी ते वाक्य मोठ्या अक्षरात घातलं. दादाने त्या पानाची झेरॉक्स काढून मोरीच्या वर चिकटवली, आणि मावशींनी गल्ल्यावरच्या मुलाकडून त्याचा फोटो काढून आपल्या मोबाइलमध्ये घेतला.