मधली सुट्टी आणि दीड माणूस

1954 साली न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीतल्या लेस्ली एडी यांनी टोलनाक्यांवरच्या रांगांचा अभ्यास छापला. कोणत्या वेळी किती बूथ उघडे हवेत, हा त्यांचा प्रश्न. त्याच वर्षी जॉर्ज डँट्झिग यांनी त्यावर टिप्पणी लिहून पाळ्या लावण्याचं काम रेषीय असमानतांत मांडलं. आजही पाया तोच आहे.

*

चल म्हणजे एका प्रकारच्या पाळीवर किती माणसं. नावं नंतर भरायची. सुरुवातीलाच माणसागणिक चल घेतले, तर नावांची अदलाबदल केलेली तीच ती उत्तरं सॉल्व्हर तपासत बसतो.

*

छोटा नाका घेऊ. सकाळी 7 ते 10, दर तासाला 3 बूथ. `a` पाळी पहिले दोन तास, `b` शेवटचे दोन. `c` पहिला आणि तिसरा तास, मधे सुट्टी.

```
min  a + b + c
7-8:   a + c >= 3
8-9:   a + b >= 3
9-10:  b + c >= 3
a, b, c >= 0, integer
```

शेवटच्या ओळीतला `integer` काढला, तर उत्तर येतं प्रत्येक पाळीवर दीड माणूस, एकूण साडेचार. दीडचे दोन केले की सहा माणसं लागतात. पण पाचात भागतं: `a` 2, `b` 1, `c` 2.

चारात का भागत नाही? तिन्ही अटींची बेरीज करा. प्रत्येक माणूस दोनदा मोजला जातो, म्हणून माणसांची दुप्पट किमान 9, म्हणजे माणसं किमान साडेचार. माणूस अर्धा नसतो, म्हणून पाच. हा युक्तिवाद मला फार आवडतो. कागदावर दोन ओळींत पुरावा हाती येतो.

*

हा अपूर्णांक येतो सुट्टीमुळे. सगळ्या पाळ्या एका दिवसात सलग असतील आणि गरजा पूर्णांकी असतील, तर साध्या रेषीय गणितालाही पूर्णांकी इष्टतम उत्तर असतंच. सिम्प्लेक्स ते आपसूक देतो. मधे खंड पडला की ती हमी जाते. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळ्या आल्या तरी जाते.

*

`>=` च्या जागी `=` लिहू नका. वरच्याच उदाहरणात मग तिन्ही चल दीडच असावे लागतात आणि सॉल्व्हर ‘उत्तर नाही’ सांगून थांबतो. माणसं कमी पडली असं वाटतं. खरं तर एकाही तासाला जादा माणूस चालणार नाही, असं आपणच सांगितलेलं असतं.

*

पाच माणसांची उत्तरं तीन आहेत, आणि प्रत्येकात एका तासाला एक माणूस जास्तीचा. `a` 2, `b` 2, `c` 1 घेतलं तर तो 8 ते 9 ला येतो. सॉल्व्हरच्या लेखी तिन्ही सारखीच, म्हणून तो हाताला लागेल ते देतो. ही निवड त्याच्यावर सोडू नये. ज्या तासाचा गर्दीचा अंदाज सर्वांत कच्चा, तिथली अट 3 ऐवजी 4 करून पाहावी. एकूण पाचच राहिले, तर त्या तासाला आधार फुकटात मिळाला.