खोडलेल्या नंबराचं तिकीट

'हे तिकीट बंद झालंय का?' हा प्रश्न आमच्या ऑफिसात दिवसातून पन्नास वेळा तरी विचारला जातो. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच असणार, असं कुणालाही वाटेल. पण आम्ही कामाच्या नोंदी जिरावर ठेवतो, आणि तिथे या प्रश्नाची दोन उत्तरं दोन वेगळ्या रकान्यांत असतात. एक रकाना स्टेटसचा: टू डू, इन प्रोग्रेस, डन. काम आत्ता कुठवर आलंय ते त्यावरून कळतं. दुसरा रकाना रिझोल्यूशनचा. काम शेवटी कसं निकालात निघालं हे तो सांगतो: पूर्ण झालं, करायचं नाही असं ठरलं, की ते आधीच्याच एखाद्या तिकिटाची नक्कल निघालं. हा दुसरा रकाना रिकामा असेल तर जिरा तिकीट उघडं मानतं. त्यात काहीही भरलेलं असेल तर ते निकालात निघालं असं मानतं, मग स्टेटस काहीही असो.

दोन्ही रकाने माणसाने हाताने भरायचे म्हटले तर दुसरा हमखास राहून जातो. म्हणून बऱ्याच ठिकाणी एक ऑटोमेशन नियम असतो: स्टेटस 'डन' झालं की रिझोल्यूशनमध्येही 'डन' भर. आमच्याकडेही तो होता. कधीचा होता हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, कारण तो लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. नियम बिनचूक चालायचा, त्यामुळे त्याच्याकडे बघायची वेळच आली नव्हती.

ती वेळ एका रिफंडच्या तिकिटाने आणली. एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले होते. आमच्या टीममधल्या सर्वांत नवीन मुलाने त्यामागचा बग शोधून दुरुस्त केला आणि तिकीट बंद केलं. काही दिवसांनी ग्राहकाने उत्तर पाठवलं की पैसे पुन्हा दोनदा गेले. बंद तिकिटावर ग्राहकाचं उत्तर आलं की ते आपोआप 'इन प्रोग्रेस'मध्ये जावं, असा दुसरा नियम होता. त्याप्रमाणे तिकीट उघडलं. पुढचे नऊ दिवस त्याला कुणी हात लावला नाही.

मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरने त्या मुलाला विचारलं, "अरे, नऊ दिवस तुझ्या नावावर होतं. बघितलं नाहीस?"

तो म्हणाला, "सर, माझ्या लिस्टमध्ये ते नव्हतंच."

खोलीत कुणाचा विश्वास बसला नाही. ही सबब सगळ्यांनीच कधी ना कधी दिलेली असते. पण तो प्रोबेशनवर होता, आणि 'ग्राहकाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष' हे शब्द एकदा कागदावर आले की सहज पुसले जात नाहीत. म्हणून मी त्याच्या शेजारी बसून त्याची लिस्ट उघडली. ती अशी बनवलेली होती:

```
assignee = currentUser() AND resolution = Unresolved
```

जिरात 'माझी उघडी कामं' म्हणून जो तयार फिल्टर मिळतो तो हाच. तो स्टेटसकडे बघत नाही, रिझोल्यूशनकडे बघतो. तिकीट उघडताना दुसऱ्या नियमाने फक्त स्टेटस बदललं होतं. रिझोल्यूशनमध्ये पहिल्या नियमाने भरलेलं 'डन' तसंच होतं. त्यामुळे तिकीट त्याच्या नावावर होतं, चालू होतं, आणि त्याच्या लिस्टमध्ये नव्हतं. बोर्डावर ते दिसायला हवं होतं, पण बोर्डावर फक्त चालू स्प्रिंटची कामं होती आणि हे जुन्या स्प्रिंटमधलं, म्हणून बॅकलॉगच्या ढिगात पडलेलं. एक खूण मात्र तिथे होती. तिकिटाच्या नंबरावर आडवी रेघ होती. रिझोल्यूशन भरलेलं असलं की जिरा नंबर खोडून दाखवतं. स्टेटस 'इन प्रोग्रेस' आणि नंबर खोडलेला, असं दिसलं की समजावं, दोन रकान्यांचं एकमेकांशी जमत नाहीये.

हे एकच तिकीट असं होतं का, हे एका ओळीत तपासता येतं:

```
statusCategory != Done AND resolution IS NOT EMPTY
```

चालू असूनही निकालात निघालेली सगळी तिकिटं यात सापडतात. आमच्याकडे अशी चाळीसच्या वर निघाली. मी ती यादी मॅनेजरला दाखवली तेव्हा त्या मुलाचा विषय तिथेच मिटला.

दुरुस्ती सोपी वाटली होती. आणखी एक नियम करायचा: तिकीट 'डन'मधून बाहेर पडलं की रिझोल्यूशन रिकामं कर. आमच्या ॲडमिनने तो केला, हाताने एक तिकीट उघडून पाहिलं, रकाना रिकामा झाला. दोन दिवसांनी ग्राहकाच्या उत्तराने एक तिकीट उघडलं आणि त्याचा नंबर पुन्हा खोडलेलाच. कारण असं की जिराच्या ऑटोमेशनमध्ये एका नियमाने केलेल्या बदलामुळे दुसरा नियम जागा होत नाही. नियमांनी एकमेकांना हाका मारत गोल फिरत बसू नये म्हणून तशी सोय आहे. तसं व्हावं असं वाटत असेल तर त्या नियमाच्या सेटिंगमध्ये खूण करून मुद्दाम परवानगी द्यावी लागते. माणसाने तिकीट उघडलं तर नवा नियम चालत होता. नियमाने उघडलं तर चालत नव्हता. आणि आमची बहुतेक तिकिटं नियमच उघडत होता.

ती खूण करून भागलं असतं. पण ॲडमिनने शेवटी रिझोल्यूशन भरणं आणि पुसणं ही दोन्ही कामं ऑटोमेशनमधून काढून वर्कफ्लोत, स्टेटस बदलण्याच्या पायरीवरच बसवली. तिथे त्यांना पोस्ट-फंक्शन म्हणतात. स्टेटस माणसाने बदलो वा नियमाने, त्या पायरीवरून गेल्याशिवाय गत्यंतर नसतं. मध्येच एकाने सुचवलं होतं की रिझोल्यूशनच्या पर्यायांत 'अनरिझॉल्व्ह्ड' असं एक नाव वाढवू आणि तिकीट उघडलं की ते भरू. हे टाळलं ते बरं झालं. जिरा रकाना रिकामा आहे का एवढंच बघतं, त्यात काय लिहिलंय ते बघत नाही. 'अनरिझॉल्व्ह्ड' लिहिलेलं तिकीटही निकालात निघालेलंच ठरलं असतं.

मग त्या चाळीस तिकिटांचे रकाने एकगठ्ठा पुसले. तेव्हा एक गोष्ट कुणाच्याच मनात नव्हती. रिझोल्यूशन पुसलं की तिकीट निकालात निघाल्याची तारीखही जाते. किती तिकिटं आली आणि किती निकालात निघाली याचा आमचा तिमाही तक्ता त्याच तारखेवर चालतो. मागच्या तिमाहीचे, वर पाठवून झालेले आकडे एका दुपारीत कमी झाले. नवे आकडे खरे होते, जुने फुगलेले होते. पण तक्ता पाहणाऱ्या साहेबांना वाटलं, कुणीतरी डेटा बिघडवला. ॲडमिनला अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण लिहावं लागलं.

आता आमच्याकडे स्टेटस बदलल्यावर रकाना भरणारा कोणताही नियम आला की दोन प्रश्न विचारले जातात. काम मागे फिरलं तर हा रकाना कोण पुसणार? आणि तो रकाना कुणाकुणाच्या लिस्टमध्ये, कोणकोणत्या तक्त्यात वाचला जातो? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यासाठी चार टीमना फोन करावे लागतात, आणि तेवढ्यात निम्मे नियम नकोच असं ठरतं.