सुरकुत्या खोडल्या तेव्हा आबा दिसले

धाराशिवात माझं फोटो आणि भेटवस्तूंचं लहानसं दुकान आहे. गेली काही वर्षं मी फोटोवरून चिबी बाहुल्या काढून देतो. कधी ॲक्रिलिकची किचेन, कधी थ्रीडी प्रिंटरवरची छोटी मूर्ती. चिबी हा जपानी शब्द, अर्थ बुटका. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट भरते. चिबीत ती अडीचपट ठेवली की डोकं टपोरं आणि अंग एवढंसं दिसतं.

फोटोतलं जितकं उतरवू तितकं साम्य जास्त, अशी माझी पक्की समजूत होती. फोटो खालच्या लेयरवर ठेवायचा, नाक-डोळे-ओठ गिरवायचे, मग डोकं फुगवायचं. कुणी सोपं करून काढलं की मला तो कामचुकारपणा वाटे.

तेरजवळच्या एका गावातली मुलगी तिच्या आजोबांचा फोटो घेऊन आली. किचेन हवी होती, साडेपाच सेंटिमीटर उंचीची. मी दोन रात्री बसलो. कपाळावरच्या चार आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या रेघा, गळ्याच्या शिरा, सगळं आलं. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर झकास. किचेन हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिली. "काका, हे आबा नाहीत. कुणीतरी म्हातारे आहेत."

राग आला. पण ती गेल्यावर किचेन हातभर अंतरावर धरली तेव्हा उमगलं. साडेपाच सेंटिमीटरच्या बाहुलीत डोकं येतं बावीस मिलिमीटर, त्यातली टोपी वजा केली की चेहऱ्याला उरते जेमतेम बोटाच्या पेराएवढी जागा. तिथे आठीची रेघ केसाइतकी बारीक होते. छापल्यावर ती सुरकुती दिसत नाही, चेहऱ्यावर मळ साचल्यासारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून विचारलं, "आबा लांबून येताना कशावरून ओळखतेस?" तिने क्षणभरही विचार केला नाही. टोपी मागे सरकवलेली, एक कान बाहेर आलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि डावा खांदा उतरलेला. चारही गोष्टी फोटोत होत्या. पण गिरवताना टोपी मीच सरळ केली होती, खांदेही समान केले होते.

नव्याने काढताना आधी फक्त बाह्यरेषा काढून ती काळ्या रंगाने भरली आणि मोबाईलवर पाठवली. उत्तर आलं, "हेच आबा." चेहरा अजून काढलाच नव्हता! मग आत चष्मा आला आणि मिशीचा एकच पांढरा आकार. नाक म्हणजे एक ठिपका. डोळ्यांनी मात्र अडवलं. चिबीचे डोळे मोठे आणि चेहऱ्याच्या मध्याखाली काढतात, ती ठेवण तान्ह्या बाळाची. तसे काढले की आबा सहा वर्षांचे दिसायला लागले. शेवटी चष्म्यामागे दोन छोट्या वळणदार रेघा ठेवल्या. वय मिशीने आणि खांद्याने सांभाळलं.

किचेनचं एक तांत्रिक दुखणंही यातच सापडलं. ॲक्रिलिक पारदर्शक, त्यामुळे रंगाच्या मागे पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, नाहीतर माणूस भुतासारखा आरपार दिसतो. हा थर रंगापेक्षा किंचित आत घ्यायचा, नाहीतर कडेने पांढरी किनार डोकावते. आणि पांढऱ्या टोपीला गडद रेघ दिलीच पाहिजे. पहिल्या किचेनमध्ये ती मी फार पातळ दिली होती. टोपी हरवली आणि तिच्यासोबत आबाही.

पुढे तिने मूर्ती मागितली, तेव्हा हातातली काठी सुटी ठेवली नाही, धोतराला चिकटवली. सुटी पातळ काठी प्रिंटरवरून काढतानाच मोडते. मानही खऱ्यापेक्षा बरीच जाड केली. सगळं वजन डोक्यात असतं, बारीक मान ते पेलत नाही. डोकं पुढे झुकलं तर मूर्ती तोंडावर पडते, म्हणून खाली रुंद चकती दिली.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात मी पूर्वीही गेलो होतो, पण या कामानंतर पुन्हा गेलो. तिथल्या सातवाहनकाळच्या मातीच्या छोट्या मूर्ती बघताना नजर थेट केशरचनेवर आणि ठसठशीत दागिन्यांवर गेली. एवढ्याशा मातीत काय मोठं करायचं, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. मी मात्र आठ्या मोजत बसलो होतो.

आता गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो. सेल्फी आणू नका. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, आणि बऱ्याच मोबाईलमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी साठते, मग भांग दुसऱ्याच बाजूला जातो. पाच-सहा फुटांवरून, उभ्याने काढलेला पूर्ण फोटो आणा. आणि ते माणूस लांबून कशावरून ओळखू येतं, तेवढं घरी विचारून या.