पेढ्यांचं बिल

लेकीचा दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी पेठेतल्या एका दुकानातून किलोभर पेढे आणले. ट्रेवर पाटी होती, ‘शुद्ध खव्याचे पेढे’. 560 रुपये दिले आणि खोका घेऊन घरी आलो. सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि जीभ टाळूला लावून थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हा खवा नाही. डालडा आहे ह्यात."

मीही पेढा चुरडून पाहिला. बोटांवर मेणासारखा थर बसला, गार पाण्यानं धुतला तरी जाईना. टाळूलाही तसाच चिकटला होता. दुधाची स्निग्धता तोंडातल्या उबेनं विरघळते, वनस्पती तूप मागे रेंगाळतं. लेकीनं शाळेत शिकलेला प्रयोग केला. पेढा पाण्यात उकळला, गार केला आणि टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले. पाणी काही निळं झालं नाही. "बघा, शुद्ध आहे!" ती म्हणाली. पण निळा रंग पिठूळ पदार्थाची भेसळ दाखवतो. परक्या तुपाबद्दल आयोडीन काहीच सांगत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं.

तक्रार करायची म्हणून बिल शोधलं. शर्टाच्या खिशात चुरगळलेलं सापडलं. त्यावर फक्त ‘मिठाई 1 किलो 560’ लिहिलेलं. म्हणजे हेच पेढे त्या दुकानातले, हे त्यावरून ठरत नव्हतं. एक गोष्ट मात्र कामाची निघाली, खाली अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक होता. 2022 पासून तो बिलावर छापणं दुकानदाराला बंधनकारक आहे. FoSCoS या संकेतस्थळावर तो घातला, तर दुकानाचं नाव-पत्ता निघाला आणि परवानाही चालू दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच दुकानात गेलो. पाव किलो तेच पेढे घेतले. "बिलावर पेढ्याचं नाव घाला," म्हटल्यावर गल्ल्यावरच्या माणसानं डोळे वर करून पाहिलं, पण लिहिलं. ट्रेवरच्या पाटीचा फोटो काढला. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख ऑक्टोबर 2020 पासून लावावी लागते. तीही फोटोत आली. पैसे मोबाइलवरून दिल्यामुळे वेळेसकट नोंदही राहिली.

अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या क्रमांकावर फोन केला, मग कार्यालयात लेखी अर्ज दिला. सोबत दोन्ही बिलं आणि फोटो जोडले. खोकाही पुढे केला, तेव्हा अन्नसुरक्षा अधिकारी म्हणाले, "हा ठेवा तुमच्याकडे. उघडलेल्या खोक्यावर केस उभी राहत नाही. तुमची तक्रार आम्हाला कुठे आणि काय बघायचं ते सांगते, पुरावा आम्हीच दुकानातून घेतो. तुम्हाला स्वतः तपासून घ्यायचं असतं, तर घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायला हवं होतं." आता माझ्या लक्षात आलं, घाई का हवी. तो माल संपला, तर माझ्या खोक्याला विचारतो कोण?

नमुना घेतला तेव्हा मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. अधिकाऱ्यांनी दुकानदाराला लेखी सूचना दिली, पेढ्यांचे चार भाग केले, नासू नयेत म्हणून फॉर्मॅलिन घातलं, प्रत्येक भाग सीलबंद करून साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मग नमुन्याची किंमत दुकानदाराला मोजून दिली आणि पावती मागितली. सरकारलाही पेढे फुकट घेता येत नाहीत, हे पाहून मला हसू आलं.

विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस असतात. अहवालात पेढ्यातली स्निग्धता दुधाची नसल्याचं निघालं. शेरा ‘कमी दर्जाचे’ असा, ‘असुरक्षित’ असा नव्हे. हा फरक मोठा आहे. असुरक्षित ठरलं की फौजदारी खटला, कमी दर्जाचं ठरलं की न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे सुनावणी आणि 5 लाखांपर्यंत दंड. दुकानदाराला अहवालाविरुद्ध अपील करायला 30 दिवस असतात, आणि त्यानं ते केलंही. त्यामुळे प्रकरण अजून चालू आहे. माझे 560 रुपये ह्या वाटेनं परत येणार नाहीत. त्यासाठी ग्राहक आयोगाचा दरवाजा वेगळा.

परवा त्या दुकानावरून जाताना सहज आत डोकावलो. ट्रे तोच, पेढेही तसेच पिवळसर. पाटी मात्र बदलली होती: ‘वनस्पती तुपातील पेढे’. भाव किलोला 320.