१९०० सालचा २९ फेब्रुवारी

प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात केली आणि वर्गात पहिलंच काम मिळालं ते फंक्शन तपासण्याचं. लिहायचं काहीच नव्हतं. आधीच लिहिलेलं फंक्शन बरोबर आहे का, एवढंच सांगायचं होतं.

```python
def leap(y):
    return y % 4 == 0
```

`%` म्हणजे भागाकाराची बाकी. चारने भागून बाकी शून्य उरली तर लीप वर्ष. शाळेत मीही हेच शिकलो होतो. २०२४ दिलं, `True` आलं. २०२३ ला `False`. २०१६, २०१९, १९८४, माझं जन्मवर्ष, आईचं जन्मवर्ष, सगळी उत्तरं बरोबर. शतकवर्षांचा नियम वेगळा असतो असं पुसटसं आठवत होतं, म्हणून २००० घातलं. तेही बरोबर निघालं. मग यात तपासण्यासारखं उरलं काय?

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "१९०० घालून बघ." `True` आलं. मग त्यांनी १९०० सालचं कॅलेंडर काढायला लावलं. त्यात फेब्रुवारी २८ तारखेला संपत होता. मी चक्रावलो. शंभराने भाग जाणारं २००० लीप आणि १९०० मात्र नाही, हे कसं?

कारण पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीत आहे. ऋतुचक्र पूर्ण व्हायला सुमारे ३६५.२४२२ दिवस लागतात. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला की वर्षाची सरासरी ३६५.२५ होते. हा फरक किरकोळ दिसतो, पण चारशे वर्षांत तो तीन दिवसांवर जातो. जुन्या ज्युलियन कॅलेंडरमध्ये तो साचत गेला. म्हणून १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि पुढच्यासाठी नियम बदलला: शतकवर्ष लीप धरायचं नाही, मात्र ४०० ने भाग जात असेल तर धरायचं. त्यामुळे चारशे वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षं येतात. २००० अपवादाचाही अपवाद आहे, म्हणून त्याने चुकीच्या फंक्शनलाही पास करून टाकलं.

नियम कळला, तरी मनातली शंका जाईना. एका दिवसाने असं काय बिघडतं? म्हणून एक खरं उदाहरण घेतलं. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. त्या दिवशी शनिवार होता. पुढचा २९ फेब्रुवारी कधी आला? आमचं फंक्शन म्हणतं, १९००. प्रत्यक्षात तो आला १९०४ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. या दोन तारखांमधले दिवस मी वहीवर मोजले. आठ वर्षांचे २९२० आणि १९०४ चा एक, एकूण २९२१. सातने भागल्यावर बाकी दोन. शनिवारनंतर दोन दिवसांनी सोमवार. कॅलेंडरही सोमवारच दाखवतं. चारचाच नियम लावला तर दिवस होतात २९२२ आणि वार येतो मंगळवार. एक खोटा दिवस घुसला की पुढचे सगळे वार सरकतात, वयं आणि मुदतीही चुकतात.

एक्सेलमध्ये हा खोटा दिवस आजही आहे. तिथे ६० हा आकडा तारखेच्या रूपात बघितला तर २९ फेब्रुवारी १९०० दिसतो. लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रॅममध्ये १९०० लीप धरलं होतं आणि त्याच्या फायलींशी जुळावं म्हणून एक्सेलने ते तसंच ठेवलं.

मग एकेक वर्ष घालून बघण्याऐवजी पायथनच्या तयार फंक्शनशी सरळ तुलना केली.

```python
import calendar
for y in range(1600, 2401):
    if leap(y) != calendar.isleap(y):
        print(y)
```

पडद्यावर फक्त सहा वर्षं आली: १७००, १८००, १९००, २१००, २२००, २३००. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते १९०० आणि २१०० मधल्या मोकळ्या जागेने. १९०१ ते २०९९ या काळातलं कोणतंही वर्ष घाला, हे चुकीचं फंक्शन बरोबरच उत्तर देतं. आपल्या आठवणीतल्या वर्षांनी ते कधीच पकडलं जाणार नाही.

एक मर्यादा मात्र आहे. ब्रिटनने पोप ग्रेगरींचा बदल १७५२ मध्ये स्वीकारला, त्यामुळे लिनक्सवरची `cal 2 1700` ही आज्ञा बहुधा २९ दिवसांचा फेब्रुवारी दाखवते, तर पायथन २८ दिवसांचा. त्या काळासाठी दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून चाचणीत १७०० घेऊ नका.

दुरुस्त ओळ अशी:

```python
return y % 4 == 0 and (y % 100 != 0 or y % 400 == 0)
```

ती तपासताना २०२३ आणि २०२४ बरोबर १९००, २००० आणि २१०० ही तिन्ही वर्षं घाला. २००० वगळलंत, तर सगळीच शतकवर्षं नाकारणारं फंक्शनही पास होईल.